कढईतल्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू: सोनाराचा काटा आणि कॉलेजचं ब्युरेट

बाजाराच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास भाऊ कढईतलं तेल गाळून डब्यात भरत असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर त्याचं नाश्त्याचं दुकान आहे. सकाळी तर्री-पोहे, मग दिवसभर आलुबोंडे, भजी, समोसे. मी इथल्याच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकदा चहा पिता पिता मी सहज विचारलं, हे तेल किती दिवस चालवता? भाऊ म्हणाला, "सर, रंग पाह्यतो न मी. काळं झालं का फेकतो. हे तं अजून सोन्यावानी हाये, काहून फेकू?"

मग मी त्याच्याकडून औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं तेल मागून घेतलं. त्या दिवसापासून जे करत आलो ते इथे सविस्तर लिहितो आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट, म्हणजे मिलीच्या खुणा असलेली तोटीची काचनळी आहे आणि वजनाला सोनाराचा काटा मिळतो, एवढ्यावर हे काम होतं.

आधी मोजायचं काय ते सांगतो. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका दांडीला लटकलेली तीन मेदाम्लं. आलुबोंडा कढईत पडला की त्यातलं पाणी वाफ होऊन तेलातून वर येतं. पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात ही वाफ काही रेणूंची एखादी मेदाम्लाची शेपटी तोडते. तुटलेली शेपटी म्हणजेच मुक्त मेदाम्ल, बोलीत फ्री फॅटी ॲसिड. पदार्थ जितका ओला आणि तळण जितकं जास्त, तितक्या जास्त शेपट्या तुटतात. ही आम्लं वाढली की तेल कमी तापमानालाच धूर सोडायला लागतं आणि खाणाऱ्याच्या घशात खवखव होते. एक ग्रॅम तेलातली ही मोकळी आम्लं मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो आकडा म्हणजे ॲसिड व्हॅल्यू, पुस्तकी मराठीत आम्लमूल्य. रंगाशी या आकड्याचा काही संबंध नाही. बेसन, हळद आणि तिखट पहिल्या दिवशीच तेल रंगवून टाकतात, त्यामुळे काळपट तेल नेहमी जुनंच असतं असं नाही आणि पिवळं तेल नेहमी नवंच असतं असंही नाही.

नमुना

यात लोक घाई करतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. तेल कढईतून काढायचं ते गॅस बंद करून, कोमट झाल्यावर आणि झाऱ्याने नीट ढवळून. तळाशी बसलेला जळका चुरा आणि बेसनाचे कण नमुन्यात येऊ द्यायचे नाहीत. पिठात दही किंवा लिंबू असेल तर त्या कणांतलं आम्लही तुमच्या आकड्यात शिरतं. मी सुती कापडाच्या दोन पदरांतून तेल गाळतो आणि कोरड्या काचेच्या बाटलीत बुचापर्यंत भरतो. बाटलीत पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये. ती धुवून लगेच वापरू नका, उन्हात वाळवा. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही.

पामतेल वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. डिसेंबरात सकाळी बाटली पाहिली तर तळाशी पांढरट थर जमलेला असतो. वरचंच पातळ तेल ओतून मोजलं तर ते त्या बाटलीचं तेल नव्हे. बाटली गरम पाण्यात ठेवून सगळं पातळ करा, हलवा आणि मगच घ्या.

अल्कली

मोजण्याचं पाणी म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, साधारण ०.१ नॉर्मल ताकदीचं द्रावण. "साधारण" मी मुद्दाम म्हणतोय. कॉस्टिक सोड्याचे दाणे वजन करायला ठेवले की ते हवेतला ओलावा ओढतात. जुलैत काट्यावर दोन मिनिटं ठेवलेले दाणे माझ्या डोळ्यांदेखत चकाकायला लागतात आणि कागदाला चिकटतात. म्हणजे २ ग्रॅम वजन केले तरी त्यात पाणी किती आणि सोडा किती, कुणालाच माहीत नसतं. म्हणून ५०० मिली उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडे वर दाणे टाकायचे, प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवायचं आणि त्याची खरी ताकद ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून काढायची. पाणी उकळायचं ते त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवायला, कारण तोही अल्कली खातो. डिस्टिल्ड पाणी मोटरवाल्यांकडे बॅटरीत टाकायचं म्हणून मिळतं. फक्त कॅनवरचं लेबल वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

सोनाराचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत १०० मिली द्रावणासाठी ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायला सांगितलेलं असतं. या काट्यावर एवढ्या छोट्या वजनात दीड टक्क्याची चूक सहज होते. तेच ५०० मिलीसाठी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास घेतलं, तर काट्याची चूक तेवढीच राहते पण वजन पाचपट झाल्यामुळे टक्का पाचपट खाली येतो. साध्या काट्यावर काम करणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं: छोटं वजन टाळा, मोठं वजन घेऊन मोठ्या फ्लास्कमध्ये विरघळवा.

मागच्या वेळी माझे ३.२१ ग्रॅम आले. ऑक्झॅलिक ॲसिडचं तुल्यभार वजन ६३.०३ आहे, म्हणून ५०० मिलीत ताकद झाली ०.१०१९ नॉर्मल. पिपेटने त्यातलं १० मिली घेतलं, फिनॉफ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या निर्देशकाचे दोन थेंब टाकले, आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत कॉस्टिक सोडा लागला १०.६ मिली. तीनदा केलं, दोनदा १०.६ आणि एकदा १०.५५. म्हणजे सोड्याची ताकद:

१० × ०.१०१९ ÷ १०.६ = ०.०९६१ नॉर्मल

हा आकडा बाटलीवर तारखेसह लिहून चिकटवायचा आणि आठवड्याने पुन्हा ताडायचा. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे आणि कॉस्टिक सोड्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, पिपेट तोंडाने ओढू नका आणि दुकानातली वाटी-चमचे या कामात आणू नका.

अल्कोहोल, आणि माझी फजिती

तेल पाण्यात मिसळत नाही आणि कॉस्टिक सोडा तेलात मिसळत नाही. दोघांची गाठ घालायला मध्ये अल्कोहोल लागतं. मेदाम्लं गरम अल्कोहोलमध्ये उतरतात आणि तिथे अल्कली त्यांना पकडते. शुद्ध इथाइल अल्कोहोल मिळवायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून गावाकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल सोपं. रसायनांच्या दुकानात ते मिळतं आणि वनस्पती तेलांसाठी चालतंही. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि इतर चार गोष्टी असतात. हार्डवेअरच्या दुकानातलं निळसर स्पिरिटही चालत नाही.

सुरुवातीला मी कॉलेजच्या कपाटातली रेक्टिफाइड स्पिरिटची जुनी बाटली वापरली. भाऊकडच्या नव्या, न तापवलेल्या तेलाच्या पाकिटातले ५.६ ग्रॅम घेऊन मोजलं, तर सोडा लागला १.१ मिली. हिशेब केला तर ॲसिड व्हॅल्यू एकाच्या वर! ताज्या रिफाइंड तेलाची ती ०.५ च्या खाली असायला हवी. ठोक व्यापारी जुनं तेल नव्या पाकिटात भरतोय, अशा संशयात मी अर्धा दिवस होतो आणि भाऊला तसं जवळजवळ सांगणारही होतो. संध्याकाळी काय सुचलं कोण जाणे, तेल न घालता नुसत्या ५० मिली स्पिरिटलाच सोडा लावून पाहिला. एकट्या स्पिरिटने ०.८ मिली खाल्लं. म्हणजे तेलाच्या वाट्याला आले फक्त ०.३. वर्षानुवर्षं उघडझाक होत असलेल्या त्या बाटलीत आम्ल तयार झालं होतं आणि मी ते व्यापाऱ्याच्या नावावर टाकायला निघालो होतो.

तेव्हापासून कुठलंही अल्कोहोल आधी न्यूट्रल केल्याशिवाय वापरत नाही. ५० मिली अल्कोहोल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात एक मिली फिनॉफ्थॅलीन टाकायचं, गरम करायचं, आणि सोड्याचे एकेक थेंब टाकत अगदी फिकट गुलाबी छटा येईपर्यंत थांबायचं. आता त्या अल्कोहोलमध्ये स्वतःचं आम्ल उरलेलं नाही, आणि पुढे जो सोडा लागेल तो फक्त तेलाचा.

गरम करायचं ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यात फ्लास्क धरून, आणि पातेल्याखालची शेगडी आधी बंद करून. अल्कोहोलची वाफ टेबलावरून सरपटत जाऊन ज्योत गाठते. हे काम दुकानात कढईशेजारी कधीही करायचं नाही.

टायट्रेशन

तेल किती घ्यायचं यात एक सोय आहे. सूत्र असं, त्यातला ५६.१ हा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा तुल्यभार, म्हणून सोड्याने मोजलं तरी उत्तर त्याच्याच मिलिग्रॅममध्ये येतं:

ॲसिड व्हॅल्यू = ५६.१ × सोड्याची नॉर्मॅलिटी × लागलेले मिली ÷ तेलाचे ग्रॅम

सोडा बरोबर ०.१ नॉर्मल असेल आणि तेल ५.६१ ग्रॅम घेतलं, तर वरचे आणि खालचे आकडे एकमेकांना कापतात आणि ब्युरेटवर जेवढे मिली लागले तेवढीच ॲसिड व्हॅल्यू. तुमचा सोडा ०.०९६१ असेल तर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, पण टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून सोडा सोडत मोजणं, चालू असतानाच तेल कुठे पोचलंय याचा अंदाज येतो. म्हणून वापरलेलं तेल मी नेहमी ५.५ ते ५.७ ग्रॅमच्या मध्ये घेतो. ताज्या तेलाला मात्र एवढं पुरत नाही, कारण पाव मिली सोडा ब्युरेटवर नीट वाचताच येत नाही. ताजं तेल २८ ग्रॅमच्या आसपास घ्या.

सोनाराचा काटा बहुतेक वेळा २०० ग्रॅमपर्यंतच तोलतो आणि अल्कोहोल भरलेला फ्लास्क त्याच्यावर जड जातो. उपाय सोपा आहे. छोट्या बाटलीत तेल घेऊन बाटलीचं वजन करा, त्यातलं ड्रॉपरने साधारण सहा मिली कोरड्या फ्लास्कमध्ये टाका आणि बाटली पुन्हा तोला. ड्रॉपर दोन्ही वेळा बाटलीतच ठेवा. दोन वजनांतला फरक म्हणजे फ्लास्कमध्ये गेलेलं तेल. नेमके ५.६१ ग्रॅम व्हायची गरज नाही, नेमकं लिहून ठेवायची आहे.

आता त्या तेलावर गरम, फिकट गुलाबी केलेलं अल्कोहोल ओता. ओतताक्षणी गुलाबी छटा नाहीशी होते. ते पाहिलं की समजायचं, आम्ल आहे आणि निर्देशक जागा आहे. आयएस ५४८ या भारतीय मानकात मिश्रण पाचेक मिनिटं उकळून गरम असतानाच टायट्रेशन करायला सांगितलं आहे. मी फ्लास्क गरम पाण्यात धरून, हलवत, बुडबुडे यायला लागेपर्यंत तापवतो आणि लगेच ब्युरेटखाली आणतो. गार झालं की तेल खाली बसतं, मेदाम्लं त्यातच अडकतात आणि आकडा कमी येतो.

ब्युरेटमध्ये सोडा भरल्यावर तोटीच्या टोकाकडे एकदा निरखून पाहा. तिथे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि मध्येच निसटतो. अर्धा मिलीचा बुडबुडा वर्गातल्या दहा मिलीच्या टायट्रेशनमध्ये फारसा जाणवत नाही, पण इथे सगळं मिळून दीड-दोन मिलीच लागतात. त्यात अर्धा मिली म्हणजे तेलाचा अर्ध्याहून जास्त दिवस.

सोडा थेंब थेंब सोडायचा आणि प्रत्येक थेंबाला फ्लास्क जोरात घुसळायचा. हलवणं थांबवलं की तेलाचा थर खाली सरकतो आणि वर अल्कोहोलचा थर स्वच्छ दिसतो. गुलाबी रंग त्या वरच्या थरात शोधायचा. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा आणि शेजारी दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेच तेल, तेच अल्कोहोल, पण सोडा न घातलेलं. दोन्हींची तुलना केली की पहिली छटा लवकर पकडता येते. रंग हलवल्यावरही तीस सेकंद टिकला की थांबा. दोन मिनिटांनी तो फिका पडेल. पडू द्या, त्याच्या मागे लागू नका. गरम अल्कलीने तेलाचाच साबण व्हायला लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही सोडा खातो, म्हणून रंग आपोआप जातो. तो परत आणायला थेंब टाकत राहिलात तर आकडा फुगत जाईल. प्रत्येक तेलाची दोन वाचनं घ्या. त्यांच्यात ०.१ मिलीपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरं घ्या.

हळदीची खोड

भाऊच्या तेलाला पहिल्यांदा सोडा लावला तेव्हा गुलाबी रंग आलाच नाही. अर्ध्या मिलीलाच नारंगी-तांबूस रंग आला आणि तो टिकला. मी "झालं" म्हणून आकडा लिहिला, आणि तो फारच कमी होता.

कारण भाऊच्या कढईतच होतं. आलुबोंड्याच्या बेसनात हळद असते, सारणात असते, आणि हळदीतलं कर्क्युमिन तेलात उतरतं. कर्क्युमिन स्वतःच निर्देशक आहे. कुंकू करताना हळद चुन्याने लाल होते, तेच इथे होतं, आणि फिनॉफ्थॅलीनचा गुलाबी यायच्या आधीच होतं. म्हणजे हळदीचं तेल खोटाच शेवट दाखवतं. वर भिवापुरी मिरचीच्या तिखटाचा लाल रंग असेल तर गुलाबी शोधणं म्हणजे गुलालात कुंकू शोधणं.

अशा तेलाला थायमॉल्फ्थॅलीन वापरा. ते रंगहीनपासून निळं होतं. हळदीच्या पिवळ्यावर निळं पडलं की वरचा थर मळकट हिरवा होतो, आणि हा बदल लाल-नारंगीच्या गर्दीतही दिसतो. त्याचा रंग फिनॉफ्थॅलीनपेक्षा थोडा उशिरा, म्हणजे जास्त अल्कलीला बदलतो, म्हणून अल्कोहोलही त्याच निर्देशकाने न्यूट्रल करायचं. एका निर्देशकाने न्यूट्रल करून दुसऱ्याने मोजलं तर फरक आकड्यात घुसतो. थायमॉल्फ्थॅलीन नसेल तर तेल निम्मं घ्या आणि अल्कोहोल तेवढंच ठेवा. रंग पातळ होतो, पण लागणारे मिलीही निम्मे होतात, त्यामुळे वाचनात जास्त काळजी घ्यावी लागते.

तीन दिवसांचा हिशेब

भाऊने एका बाजाराच्या आठवड्यात मला रोज रात्री एक बाटली दिली. तीन दिवस त्याने वरून नवं तेल घातलं नाही, ही माझी अट होती. वहिनी त्यावर नाराज होत्या, कारण तिसऱ्या दिवशी कढईत तेल कमी पडतं. तेल रिफाइंड सोयाबीनचं, सुरुवातीला कढईत तीन किलो.

५६.१ ला ०.०९६१ ने गुणलं की ५.३९ येतात. हा गुणाकार एकदाच करायचा, मग फक्त मिलीने गुणून ग्रॅमने भागायचं.

ताजं तेल २८.२ ग्रॅम घेतलं, सोडा लागला १.३ मिली. ५.३९ × १.३ ÷ २८.२ म्हणजे ॲसिड व्हॅल्यू ०.२५. पहिल्या रात्रीचं ५.६० ग्रॅम, लागले ०.९ मिली, आली ०.८७. दुसऱ्या रात्रीचं ५.६४ ग्रॅम, १.६ मिली, १.५३. तिसरी रात्र बाजाराची होती: ५.५८ ग्रॅम, २.५ मिली, २.४१.

कुणी "फ्री फॅटी ॲसिड किती टक्के" असं विचारलं तर ॲसिड व्हॅल्यूला १.९९ ने भागा, म्हणजे जवळजवळ निम्मं करा. २.४१ चे झाले १.२१ टक्के, ओलेइक ॲसिड धरून. पण मी ॲसिड व्हॅल्यूच लिहितो. टक्केवारी कुठलं आम्ल धरता यावर बदलते, पामतेलाला पामिटिक धरतात, सोयाबीनला ओलेइक. ॲसिड व्हॅल्यूला तेल कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

२.४१ म्हणजे काय? जर्मनीतले तेलतज्ज्ञ २ ला तेल बदलायला सांगतात. जपानच्या २०२१ पर्यंतच्या मार्गदर्शक सूचनांत डबे-जेवण विकणाऱ्यांसाठी हा आकडा २.५ होता. मी भाऊसाठी २ ठरवला, कारण आमच्या मापात ०.१ ची चूक धरावीच लागते आणि ती गिऱ्हाइकाच्या बाजूने धरलेली बरी. तो दुसऱ्या रात्री १.५३ वर होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी त्याने २ ओलांडले, भर बाजारात. रंग तोवर सोन्यावानीच होता.

भाऊने हिशेब ऐकला आणि नेहमीचा उपाय सांगितला: "मंग अर्धं काढतो, अर्धं नवं टाकतो. झालं." त्याचंही गणित करून दाखवलं. २.४१ चं अर्धं आणि ०.२५ चं अर्धं मिळून सरासरी १.३३. कागदावर छान दिसतं, दुसऱ्या रात्रीपेक्षाही कमी. पण त्याची कढई रोज साधारण ०.६ ते ०.९ वाढते. म्हणजे नव्या तेलाला २ गाठायला दोन दिवसांच्या वर लागले होते, हे मिश्रण साधारण एकाच दिवसात गाठणार. दीड किलो नवं तेल घालून त्याने एक दिवस विकत घेतला.

आकडा कुठे फसवतो

आकडा जास्त आला तर तेल गेलं, यात वाद नाही. आकडा कमी आला म्हणून तेल चांगलं, हे मात्र म्हणता येत नाही. ही तपासणी एकाच बाजूने बोलते.

एक तर ती फक्त पाण्याने तुटलेल्या शेपट्या आणि जळण्यातून तयार झालेली थोडी आम्लं मोजते. गिऱ्हाईक नसताना कढई पेटती ठेवली की पदार्थ नाही, वाफ नाही, म्हणून आम्लं फारशी वाढत नाहीत. तेल मात्र हवेशी आणि उष्णतेशी झगडून घट्ट होत जातं, रेणू एकमेकांना चिकटतात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलाला टोटल पोलर कंपाउंड्सची २५ टक्क्यांची मर्यादा घातली ती म्हणूनच, कारण त्या मापात हे सगळं एकत्र पकडलं जातं. ते मोजायला तेलात बुडवायचा वेगळा मीटर लागतो. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यापुढे तुमची ॲसिड व्हॅल्यूची वही चालणार नाही. ती तुमच्या स्वतःच्या निर्णयासाठी आहे.

दुसरं, खायचा सोडा. भजी फुलावीत म्हणून पिठात सोडा जरा सढळ हाताने पडला की तो तेलातल्या मेदाम्लांशी जुळून साबण करतो. साबण झालेली आम्लं टायट्रेशनमध्ये येत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो, आणि कढईवर बारीक, न फुटणारा फेस येतो. एका शेजारच्या भजीवाल्याच्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू १.१ आली होती आणि फेस कढईच्या काठापर्यंत चढत होता. अशा वेळी मी आकड्यापेक्षा फेसावर विश्वास ठेवतो. फेस, चिकट झालेली झाऱ्याची मूठ, आणि नेहमीच्या आचेवर लवकर सुटणारा धूर, यातलं काही दिसलं तर १.१ ला काही अर्थ नाही.

भाऊने आता क्रम बदलला आहे. नव्या तेलात आधी शेव आणि पापडासारखं कोरडं तळण, मग समोसे, आणि आलुबोंडे-भजी दुसऱ्या दिवसापासून. बाजार असेल त्या दिवशी सकाळी कढईत नवंच तेल पडतं. काढलेलं तेल तो नालीत ओतत नाही. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला देणाऱ्यांच्या गाडीसाठी पत्र्याच्या डब्यात साठवतो, गाडी महिन्यातून एकदा येते, कधी येत नाही. या नव्या क्रमाने तिसऱ्या रात्री किती येते ते अजून मोजायचं आहे. कालची बाटली कॉलेजच्या टेबलावर आहे, सोड्याची ताकद ताडून आठ दिवस उलटलेत, तेव्हा आधी ऑक्झॅलिक ॲसिड तोलायला घेतो.